मागची घोडी

दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगकाम निघतं. सामान खोलीच्या मधोमध ढकलून त्यावर जुन्या चादरी टाकल्या जातात, आणि छताला हात पोचावा म्हणून रंगारी दोन घोड्या मांडून त्यांवर एक लांब फळी आडवी टाकतात. छताचा मधला भाग भराभर रंगून होतो. अडतं ते कोपऱ्यात. तिथे नेमकं भिंतीतलं कपाट असतं किंवा न हलणारा पलंग असतो, त्यामुळे घोडी भिंतीपर्यंत सरकत नाही. मग फळीचं टोक घोडीच्या पुढे हातभर काढून ठेवलेलं असतं, आणि रंगारी त्या टोकाकडे आधी एक पाऊल टाकतो, मग अर्धं, मग नुसता पंजा पुढे सरकवतो. ब्रश कोपऱ्याला लागायला चार बोटं कमी पडत असतात.

ही चार बोटं कधी मिळतात आणि कधी माणूस फळीसकट खाली येतो, याचा हिशोब अगदी नेमका करता येतो. त्याला सातवी-आठवीचा गुणाकार-भागाकार पुरतो. गंमत अशी की खाली उभ्या असलेल्या सगळ्यांची नजर ज्या टोकाकडे लागलेली असते, तिथे या हिशोबाचं उत्तर दिसतच नाही. ते दिसतं माणसाच्या पाठीमागे, ज्या घोडीकडे कुणीच बघत नाही तिथे.

एक फळी नीट मोजून घेऊ. लांबी ४ मीटर, रुंदी २५ सेंटिमीटर, जाडी ४ सेंटिमीटर. मध्यम घनतेच्या लाकडाची अशी फळी साधारण २४ किलोची भरते. तिच्याखाली दोन घोड्या आहेत, दोन्ही टोकांपासून ८० सेंटिमीटर आत. म्हणजे घोड्यांमधलं अंतर २ मीटर ४० सेंटिमीटर, आणि दोन्ही बाजूंना ८०-८० सेंटिमीटर फळी अधांतरी. डावीकडची घोडी मागची म्हणू, उजवीकडची पुढची, कारण आपला माणूस उजवीकडे चालत जाणार आहे. माणसाचं वजन ६० किलो. (शास्त्राच्या पुस्तकात बल न्यूटनमध्ये मोजतात. इथे सगळीकडे किलोचाच भार धरला आहे, हिशोबात त्याने काही बिघडत नाही.)

फळीवर कुणी नसताना गोष्ट सोपी आहे. २४ किलो दोन घोड्यांत निम्मे निम्मे वाटले जातात, दोघींवर १२-१२ किलो. घोडी हा भार सोसते म्हणजे ती फळीला तेवढ्याच जोराने वर रेटत असते. त्या वर रेटण्याला आधाराची प्रतिक्रिया म्हणतात. घोडीच्या पायांखाली वजनकाटे ठेवले, तर घोडीचं स्वतःचं वजन वजा जाता उरेल तो आकडा म्हणजे ही प्रतिक्रिया.

आता माणूस मागच्या घोडीच्या बरोबर वर चढून उभा राहतो. त्याचे सगळे ६० किलो त्याच घोडीवर जातात. मागची ७२, पुढची १२. तिथून तो पुढे चालू लागतो. फळीच्या मध्यावर पोचला की त्याचंही वजन निम्मं निम्मं होतं आणि दोन्ही घोड्यांवर ४२-४२ किलो येतात. पुढच्या घोडीच्या वर आला की चित्र उलटं, मागची १२, पुढची ७२. या वाटचालीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. भार धक्क्याधक्क्याने बदलत नाही, एकसारख्या दराने सरकतो. २४० सेंटिमीटरच्या चालीत ६० किलो एका घोडीवरून दुसरीवर जातात, म्हणजे दर १० सेंटिमीटरला अडीच किलो. माणूस वीतभर पुढे सरकला की मागची घोडी पाच-एक किलोंनी हलकी होते. बेरीज मात्र कायम ८४ राहते.

इथवर कुणालाच नवल वाटणार नाही. नवल पुढे आहे. बहुतेकांचा समज असा असतो की पुढच्या घोडीवर जास्तीत जास्त भार येतो तो माणूस तिच्या डोक्यावर उभा असताना. तसं नाही. माणूस घोडी ओलांडून अधांतरी भागावर गेला, तरी तोच दर चालू राहतो. घोडीच्या पुढे १० सेंटिमीटर गेला की पुढची घोडी ७२ वरून साडेचौऱ्याहत्तर किलोंवर जाते, म्हणजे माणसाच्या वजनाहून साडेचौदा किलो जास्त. हे वरचे किलो कुठून आले? मागच्या घोडीकडून. तिच्यावर आता साडेनऊच उरले. तराजूच्या दांडीसारखी फळी पुढच्या घोडीवर डोलायला बघते आहे, आणि मागचं टोक खाली धरून ठेवायला फळीच्या स्वतःच्या वजनाखेरीज काहीच नाही.

बारा किलोंची शिल्लक, दर १० सेंटिमीटरला अडीच किलोंचा खर्च. शिल्लक संपेल ती ४८ सेंटिमीटरवर. पुढच्या घोडीच्या ४८ सेंटिमीटर पुढे माणूस पोचला की मागच्या घोडीवर शून्य किलो. फळी तिला टेकलेली दिसते, पण टेकलेली नसते. त्या क्षणी घोडी कुणी अलगद काढून घेतली, तरी फळी जागची हलणार नाही. हाच उलटण्याचा बिंदू. फळी अजून ३२ सेंटिमीटर पुढे गेलेली आहे, वर पाय ठेवायला जागा आहे, लाकूड भक्कम आहे, आणि तरी त्या ३२ सेंटिमीटरवर जाण्याचा हक्क माणसाला नाही.

हेच उत्तर दुसऱ्या वाटेनेही निघतं, आणि ती वाट पाठ करून ठेवण्याजोगी आहे. फळी उलटते ती पुढच्या घोडीभोवती फिरून, म्हणून सगळी अंतरं तिथून मोजायची. फळीचा गुरुत्वमध्य तिच्या मध्यावर आहे, घोडीपासून आतल्या बाजूला १२० सेंटिमीटरवर. त्याला २४ किलोंनी गुणलं की २८८० आले. ही फळीची फळी टेकवून ठेवण्याची ताकद. पलीकडे माणूस ६० किलोंचा, तर त्याला किती अंतर झेपेल? २८८० भागिले ६०, उत्तर पुन्हा ४८. वजन गुणिले अंतर, दोन्ही बाजूंना सारखं, हा तरफेचा नियम आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध करून मांडला. त्याच्या आधीही भाजीच्या तराजूला तो ठाऊक असणारच.

मराठी शाळांतल्या मुलांना हा प्रयोग जेवणाच्या टेबलावर करता येतो, आणि त्यात फळीऐवजी फूटपट्टी चालते. पट्टीखाली १० आणि २० या खुणांवर दोन षट्कोनी पेन्सिली आडव्या ठेवायच्या. दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवून २० च्या खुणेपासून टोकाकडे हळूहळू सरकवत न्यायची. दहाचं दोन धातूंचं नाणं सुमारे पावणेआठ ग्रॅमचं असतं, म्हणजे जोडी साडेपंधरा ग्रॅमची. समजा नाण्यांचा मध्य २६ च्या खुणेवर आला आणि पट्टी कलली. साडेपंधरा गुणिले ६ म्हणजे ९३. पट्टीचा मध्य १५ वर, पेन्सिलीपासून ५ सेंटिमीटर आत, म्हणून ९३ भागिले ५. पट्टीचं वजन साडेअठरा ग्रॅमच्या आसपास निघालं, आणि तेही वजनकाट्याला हात न लावता. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पट्टी ठेवून ते ताडून बघता येतं. थोडा फरक पडला तर दोष नियमाचा नसतो, बहुधा नाण्यांचा मध्य नजरेने धरताना एखाद्या मिलिमीटरची चूक झालेली असते.

पण फूटपट्टीवरचं नाणं आणि फळीवरचा माणूस यांत एक मोठा फरक आहे, आणि अपघात त्या फरकात दडलेला आहे. नाणं चपटं असतं. माणूस उंच असतो. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या पातळीला, म्हणजे फळीपासून जवळजवळ मीटरभर वर असतो. फळी नुसती दहा अंशांनी कलली आणि माणूस तिच्यावर ताठच राहिला, तर त्याच्या शरीराचा मध्य १७ सेंटिमीटर आणखी बाहेर जातो. पाय तिथेच, पण भार मात्र १७ सेंटिमीटर पुढे. फळी आणखी कलते, भार आणखी पुढे जातो. सी-सॉवर मूल खाली जातं आणि वर येतं तसं इथे होत नाही. शून्यावर आलेली फळी परत फिरत नाही. शिवाय कललेल्या फळीवरून ती स्वतःही घसरते आणि पायही घसरतात. म्हणूनच अशा वेळी ‘फळी हळूहळू वर यायला लागली’ असं कुणी सांगत नाही. सगळे एकच सांगतात, एकदम गेली.

गणितातला ४८ चा आकडा म्हणजे पुतळ्यासारख्या स्तब्ध माणसाचा आकडा आहे. खरा माणूस हलतो. साध्या चालण्यातसुद्धा पाऊल टेकवताना जमिनीवर क्षणभर वजनाच्या एक पूर्णांक एक ते एक पूर्णांक दोन पट जोर पडतो. म्हणजे ६० किलोंचा माणूस पावलागणिक ७० किलोंच्या आसपास जाऊन येतो, आणि तेवढ्या जोराला ४१ सेंटिमीटरच झेपतात. तो जोर क्षणभराचा असल्यामुळे फळी लगेच उलटतेच असं नाही, पण मागचं टोक उचकतं, घोडीवर आपटतं आणि जागचं सरकतं. त्यात हातात बादली असेल तर गोष्टच वेगळी. वीस किलोंची रंगाची बादली उचलून माणूस ८० किलोंचा झाला की २८८० भागिले ८०, म्हणजे ३६ सेंटिमीटर. मोकळ्या हातांनी दहा वेळा ज्या जागी उभं राहून काम केलं, त्याच जागी अकराव्या वेळी बादली घेऊन गेलेला माणूस खाली येतो. दहा वेळांचा अनुभव त्याला वाचवत नाही, उलट दगा देतो.

हीच बादली मागे ठेवली तर वाचवते. मागच्या घोडीच्या ६० सेंटिमीटर मागे, फळीच्या शेवटाकडे, ती वीस किलोंची बादली ठेवून बघा. पुढच्या घोडीपासून ती तीन मीटरवर आहे. २० गुणिले ३०० म्हणजे ६०००. फळीच्या २८८० मध्ये मिळवले की ८८८०, आणि माणसाला आता १४८ सेंटिमीटर पुढे जायला हरकत नाही. तेवढी फळीच नाही, म्हणजे तो अगदी टोकावर उभा राहिला तरी काही होत नाही. घोडीपासून लांब ठेवलेलं थोडं वजनही मोठं काम करतं. आणि नेमकं हेच पुढच्या संकटाचं मूळ आहे.

फळीवर दोन रंगारी आहेत असं समजू. दोघेही साठ किलोंचे. एक मागच्या घोडीच्या ५० सेंटिमीटर मागे, दुसरा पुढच्या घोडीच्या ७० सेंटिमीटर पुढे. दोघे एकमेकांना तोलून आहेत. हिशोब केला तर मागच्या घोडीवर ६७ किलोंचा भार निघतो, फळी खडकासारखी. पुढचा रंगारी निर्धास्त असतो आणि असायलाच हवा, कारण आकडा त्याच्या बाजूने आहे. मग मागचा म्हणतो, जरा पाणी पिऊन येतो, आणि खाली उतरतो. पुढचा एक इंचही हललेला नाही. तो त्याच जागी उभा आहे, ब्रश चालू आहे. पण त्याच्या मागची ६७ किलोंची शिल्लक एका पावलात गेली. आता एका बाजूला फळीचे २८८०, दुसऱ्या बाजूला ६० गुणिले ७०, म्हणजे ४२००. तो खाली येतो.

या प्रकारात माणसाने काही चूक केलेली दिसत नाही, हे त्याचं भयंकर वैशिष्ट्य. टोकाकडे सरकणाऱ्याला निदान मनात धाकधूक तरी असते. इथे काम करणाऱ्याची पाठ संकटाकडे असते. उतरणाऱ्यालाही वाटत नाही की आपण काही काढून घेतोय. मागच्या बाजूने कुणी सिमेंटची पाटी उचलली, मालाची घमेली खाली दिली, तरी परिणाम तोच.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात विद्यार्थी अशी गणितं सोडवतात तेव्हा उत्तरात कधी कधी उणे चिन्ह येतं. आपल्या फळीवर ६० किलोंचा माणूस अगदी टोकावर, ८० सेंटिमीटरवर उभा आहे असं धरून मागच्या घोडीची प्रतिक्रिया काढली, तर उणे ८ किलो येते. बरेच विद्यार्थी घाबरून चिन्ह खोडतात. वास्तविक त्या चिन्हात सगळी मेख आहे. घोडी फळीला वर रेटू शकते, खाली ओढू शकत नाही. उणे ८ याचा अर्थ, तिथे कुणीतरी आठ किलोंच्या जोराने फळी खाली ओढून धरायला हवी, नाहीतर ती वर जाईल.

फक्त आठ किलो! ज्या टोकावर उभं राहिल्यावर माणूस निश्चित पडतो, त्याला वाचवायला मागच्या बाजूला आठ किलोंची ओढ पुरे. बादली घेऊन टोकावर गेलेल्या ८० किलोंच्या माणसाला १५ किलोंहून थोडी कमी. परांचीचे बांबू बांधायच्या काथ्याच्या दोरीचे चार वेढे हे काम हसत करतील. मात्र दोरी फळीला बांधून दुसरं टोक घोडीलाच बांधलं, तर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. घोडीचं स्वतःचं वजन किती? ती पाच किलोंची हलकी लाकडी घोडी असेल तर फळी वर जाताना घोडीलाही घेऊन जाईल. बांध घालायचा तो अशा वस्तूला, जिला उचलायला त्या ओढीहून बराच जास्त जोर लागेल. आणि पावलांचे हिसके धरून ‘बराच’ म्हणजे निदान तिप्पट-चौपट.

असं असेल तर घोड्या टोकांकडे सरकवून अधांतरी भागच का काढून टाकत नाहीत? प्रश्न रास्त आहे, आणि बांधकामाचे नियम बऱ्याच अंशी तसंच सांगतात. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या नियमांनुसार दहा फुटांपर्यंतची फळी आधाराच्या पुढे १२ इंचांहून जास्त आणि त्याहून लांब फळी १८ इंचांहून जास्त बाहेर काढता येत नाही. काढायचीच असेल तर ती भार पेलूनही उलटणार नाही अशी बसवावी लागते किंवा त्या भागावर कुणी जाणार नाही असा कठडा घालावा लागतो. ब्रिटनमधल्या परांचीवाल्यांचा आडाखा आणखी कडक आहे: फळीच्या जाडीच्या चौपटीहून जास्त टोक बाहेर नको. त्यांची नेहमीची फळी ३८ मिलिमीटर जाडीची, म्हणजे बाहेर फार तर १५ सेंटिमीटर. वीतभरही नाही. टोक अगदी आधाराच्या काठावरही नको, कारण फळी जरा सरकली की थेट सुटते. म्हणून अमेरिकी नियम खालची मर्यादाही घालतो: फळी खिळून वा आकड्यांनी अडवलेली नसेल तर निदान ६ इंच बाहेर हवीच.

आपली चार मीटरची फळी १८ इंचांच्या नियमात बसवून बघण्यासारखी आहे. दोन्ही बाजूंना ४५-४५ सेंटिमीटर बाहेर, घोड्यांमध्ये ३ मीटर १० सेंटिमीटर. साठ किलोंचा माणूस अगदी टोकावर गेला तरी फळी उलटत नाही, ठीक. पण मागच्या घोडीवर किती उरतं? सव्वातीन किलो. बादली घेऊन गेला तर अर्ध्या किलोहूनही कमी. माणूस ८५ किलोंचा असेल, तर काहीच उरत नाही, फळी जाते. म्हणजे आपल्या २४ किलोंच्या फळीपुरतं, नुसता १८ इंचांचा आकडा पाठ करून भागत नाही. आकडा फळीच्या वजनावर, माणसाच्या वजनावर आणि घोड्यांमधल्या अंतरावर अवलंबून आहे, आणि हलकी फळी हाताळायला सोपी म्हणून सगळ्यांना आवडते. उलटण्याच्या बाबतीत मात्र हलकी फळी म्हणजे कमी शिल्लक. ॲल्युमिनियमची निम्म्या वजनाची फळी घेतली की ४८ चे थेट २४ सेंटिमीटर होतात.

आणि घोड्या आणखी लांब नेल्या तर दुसरीच गोष्ट पिळवटते: फळीचा मध्य. आधारांमधलं अंतर वाढलं की फळीचा झोल अंतराच्या तिसऱ्या घाताने वाढतो. २ मीटर ४० च्या अंतरावर मध्ये उभ्या ६० किलोंच्या माणसाखाली आपली फळी सव्वा सेंटिमीटर वाकते. ब्रिटिश आडाख्याप्रमाणे टोकं १५ सेंटिमीटरवर आणून घोड्या ३ मीटर ७० वर नेल्या, तर तीच फळी साडेचार सेंटिमीटरहून जास्त वाकेल आणि पावलागणिक उसळेल. म्हणूनच तिथे ३८ मिलिमीटरच्या फळीला दर दीड मीटरवर आधार देतात. उत्तर दोन घोड्यांत नाहीच, तीन किंवा चार घोड्यांत आहे. टोकांनाही आधार आणि मध्येही. घरच्या रंगकामात तिसरी घोडी सहसा नसते, आणि मग माणूस दोन घोड्या मध्याकडे घेऊन झोल कमी करतो व नकळत उलटण्याचा धोका वाढवून ठेवतो.

मागचं टोक धरून ठेवण्याची ही युक्ती एकदा कळली की ती जागोजाग दिसू लागते. पोहण्याच्या तलावावरची सूर मारायची फळी सुमारे ४.८ मीटर लांब असते आणि सूर मारणारा टोकावर नुसता उभा राहत नाही, उड्या मारतो. तिचं मागचं टोक बिजागरीने चौथऱ्याला पक्कं जखडलेलं असतं आणि मधला टेकू चाकाने पुढेमागे सरकवता येतो. सूर मारणारे पायाने ते चाक फिरवताना दिसतात, ते टेकू आपल्या वजनाला आणि उडीला साजेसा करून घेतात. तिथली उणे प्रतिक्रिया बिजागरीचे बोल्ट सोसतात. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींच्या काचा पुसायला गच्चीवरून जो पाळणा सोडतात, त्याच्या तुळयाही कठड्याबाहेर डोकावणाऱ्या फळ्याच. त्यांच्या मागच्या टोकावर वजनं रचलेली असतात. ही वजनं नेमकी पुरतील एवढी ठेवून चालत नाही. अमेरिकी नियमात ती उलटवणाऱ्या जोराच्या चौपट जोर सोसणारी लागतात.

आणि ज्यांना फळी-घोडीशी काही कर्तव्य नाही, त्यांच्याही घराला हा हिशोब लागू आहे. खिडकीवरचा छज्जा म्हणजे भिंतीतून बाहेर आलेली सिमेंटची फळी. तिला मागे धरून ठेवते ती लिंटेलवर रचलेली पुढची भिंत. जाणता गवंडी छज्जा भरला की त्यावरची वीट चढेपर्यंत खालचे टेकू काढू देत नाही. काँक्रीट पुरेसं पक्कं झालं असेल, सळ्या योग्य असतील, तरीही वर भिंत नसताना टेकू काढले तर छज्जा लिंटेलसकट बाहेर कलंडू शकतो. सेंटरिंगवाल्याला फळ्या दुसऱ्या खोलीसाठी हव्या असतात, त्याची घाई असते. घाईत कलंडलेला छज्जा आणि पाणी प्यायला उतरलेला रंगारी यांचं गणित एकच आहे, मागचं वजन गैरहजर होतं.

फळीवर काम करणाऱ्याला आकडेमोड न करताही मागची घोडी वाचता येते. खाली उभ्या माणसाने मागच्या घोडीला हाताने हलकेच हिसका द्यावा. ती घट्ट बसलेली असेल, हलताना फळीखाली करकरत असेल, तर तिच्यावर भार आहे. ती सैल सरकली, फळी आणि घोडी यांच्यामध्ये कागद गेला, किंवा वरच्याच्या प्रत्येक पावलाला मागून टकटक आवाज येऊ लागला, तर शिल्लक संपत आली आहे. त्या टकटकीला पुष्कळ जण घोडी डुगडुगते असं समजून खाली पुठ्ठ्याची घडी सारतात. पुठ्ठा सारल्याने आवाज थांबतो. वजन वाढत नाही. वरच्या माणसाने अशा वेळी झटकन मागे उडी मारू नये, कारण मागे ढकलताना पाय फळीला पुढेच रेटतात. अंग न झुकवता, पाय न उचलता, सरकत आत यावं.

येत्या दिवाळीआधी घरात रंगारी आले आणि दोघे एकाच फळीवर चढले, तर वरच्या ब्रशकडे नका बघू. दोघांपैकी पहिला उतरायला लागेल तेव्हा त्याला एवढंच विचारा, दुसरा कुठे उभा आहे, आणि तो घोडीच्या आत आल्याशिवाय पहिल्याला खाली पाय टेकवू देऊ नका.